केसपेपरमध्ये न मावणारी नोंद

लॉगबुक तपासायची तारीख जवळ आली की वैद्यकीय महाविद्यालयांच्या वसतिगृहांत रात्री एक खास प्रकारचं लेखन सुरू होतं. ‘रिफ्लेक्शन’ असं वर छापलेलं पान महिनाभर कोरंच राहिलेलं असतं आणि आता ते एका बैठकीत भरायचं असतं. मग एकाच्या वहीतली वाक्यं दुसऱ्याच्या वहीत जातात. आज मला रुग्णाशी सहानुभूतीनं वागण्याचं महत्त्व समजलं. संवादकौशल्य किती गरजेचं आहे ते कळलं. यापुढे मी अधिक काळजी घेईन. ही वाक्यं कुठल्याही वॉर्डातल्या कुठल्याही रुग्णाबद्दल लिहिता येतात. तपासणारे प्राध्यापकही ती त्याच तयारीनं वाचतात, म्हणजे वाचत नाहीत, सही करतात.

हे पान लॉगबुकात आलं कसं, तेही बघायला हवं. २०१९ साली एमबीबीएसला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांपासून देशभर क्षमतांवर आधारलेला नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्यात ‘लर्नर-डॉक्टर’ नावाची पद्धत आहे. बाहेरच्या देशांत हिलाच क्लिनिकल क्लर्कशिप म्हणतात. सरांच्या मागे खाटेभोवती घोळका करून ऐकत राहणं एवढंच आता विद्यार्थ्याचं काम नाही. एखादा रुग्ण दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत त्याचा माग ठेवायचा, त्याची हकिगत घ्यायची, तपासण्यांचा पाठपुरावा करायचा आणि हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वॉर्डाच्या चमूतला एक म्हणून करायचं. वॉर्डात असं खरोखर उतरलं की पुस्तकात नसलेल्या गोष्टी अंगावर येतात. त्यांचं काय करायचं, यासाठी चिंतनाची पानं आहेत.

या पानांना साचा असतो. पुष्कळ लॉगबुकांत तीनच प्रश्न विचारलेले दिसतात: काय घडलं, त्यात महत्त्वाचं काय आणि पुढे काय. ही त्रयी वैद्यकातली नाही. टेरी बोर्टन या अमेरिकी शिक्षकानं ती १९७० मध्ये शाळेतल्या शिकवण्यासाठी मांडली होती. पुढे १९८८ मध्ये इंग्लंडमधल्या ग्रॅहम गिब्ज यांनी सहा पायऱ्यांचं चक्र दिलं. जगभरच्या नर्सिंगच्या आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ते पाठ असतं. वॉर्डातल्या वापरात त्या सहा पायऱ्यांचे साधारण चार भाग उरतात: वर्णन, भावना, विश्लेषण आणि शिकण्याचा आराखडा. साचा तसा सोपा आहे. अडचण अशी, की चार चौकटी आखल्या की विद्यार्थी त्या एकेक करून भरत जातो आणि एका चौकटीतला मजकूर दुसरीला काही सांगत नाही.

हे कसं टाळता येतं, ते दाखवायला एक प्रसंग घेऊ. प्रसंग बेतलेला आहे, पण त्यातल्या गोष्टी वॉर्डात नेहमी घडणाऱ्या आहेत. सरकारी रुग्णालयातला स्त्रियांचा मेडिसिन वॉर्ड, दिवस आषाढी एकादशीचा. तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीकडे साठी ओलांडलेल्या आजी सोपवलेल्या आहेत. जुना मधुमेह, पायाला जखम होऊन त्वचेखाली पसरलेला संसर्ग, त्यामुळे गोळ्या थांबवून इन्सुलिन सुरू केलेलं. सकाळची उपाशीपोटीची साखर १४२. पावणेआठला सिस्टरनी रेग्युलर इन्सुलिनचे १० युनिट दिले. आठ वाजून दहा मिनिटांनी विद्यार्थिनीनं विचारलं, “आजी, नाश्ता झाला का?” आजी म्हणाल्या, “हो, झालं की.” तिनं केसपेपरवर लिहिलं: नाश्ता घेतला, तक्रार नाही.

साडेनऊच्या राउंडला आजी उत्तरं देताना अडखळत होत्या. कपाळावर घाम होता. पदर सारखा करायला गेलेला हात चुकत होता. विद्यार्थिनीच्या ते लक्षात आलं. तिला वाटलं, उकाडा आहे, रात्री झोप झाली नसेल. निवासी डॉक्टरांनी एचजीटी करायला सांगितली. वॉर्डात बोटाच्या टोकाच्या रक्तावर होणाऱ्या साखरेच्या तपासणीला हेच नाव आहे. साखर निघाली ४६. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोजचे १०० मिलिलिटर दिले, पंधरा मिनिटांत साखर ११८ झाली, आजी शुद्धीवर बोलू लागल्या. “सकाळपासून खाल्लं काय?” या डॉक्टरांच्या प्रश्नाला उत्तर आलं, “एकादशी ना आज. बिनसाखरेचा चहा घेतला अर्धा कप.”

त्या रात्री विद्यार्थिनीनं वहीत जे खरडलं, ते असं: “४६!! मी लिहिलं होतं नाश्ता घेतला. आजी खोटं का बोलल्या? सरांनी केसपेपर उघडलाच नाही, बरं झालं. घाम दिसला होता. सून खिचडी आणायला गेली होती. डी २५. हात थरथरत होते (माझे).”

हा कच्चा माल. तो त्याच दिवशी टिपलेला आहे, ही त्याची सगळ्यात मोठी किंमत. दोन आठवड्यांनी लिहायला बसल्यावर त्यातलं ‘बरं झालं’ हे पहिल्यांदा गळून पडलं असतं, आणि पुढे दिसेल की सगळ्यात कामाचं तेच होतं. अशा टिपणाला तीन-चार मिनिटं लागतात. व्याकरण नको, मराठी-इंग्रजीची सरमिसळ चालते. लॉगबुक इंग्रजीत भरायचं असलं तरी पहिलं टिपण ज्या भाषेत मनात आलं त्याच भाषेत करणं फायद्याचं, कारण इंग्रजीत लिहायला घेतलं की ‘आय फेल्ट व्हेरी बॅड’च्या पलीकडे पुष्कळांचं पाऊल पडत नाही.

यावरून विद्यार्थिनीनं केलेला पहिला खर्डा दीड पानाचा होता. त्यातलं सव्वा पान आजींची हकिगत होती: मधुमेह किती वर्षांचा, कोणत्या गोळ्या, जखम केव्हापासून, पांढऱ्या पेशी किती, कोणतं प्रतिजैविक. मग एक ओळ, ‘मला खूप वाईट वाटलं.’ मग, ‘संवाद नीट न झाल्यामुळे हे घडलं.’ शेवटी, ‘यापुढे मी रुग्णांशी नीट संवाद साधेन.’

बहुतेक नोंदी अशाच अवघडतात. वर्णन फुगतं, कारण केस लिहिण्याची सवय हाताला झालेली असते आणि त्यात धोका नसतो. केसपेपरचं वर्णन दुसऱ्या डॉक्टरसाठी असतं, त्यात सगळं यावंच लागतं. चिंतनाच्या नोंदीतल्या वर्णनाला वेगळी कसोटी आहे: पुढच्या विश्लेषणात जी गोष्ट उपयोगी पडणार नाही, ती इथे नको. पांढऱ्या पेशी किती होत्या याचा या प्रसंगाशी संबंध नाही. इन्सुलिन किती वाजता दिलं, प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, उत्तर काय आलं, घाम केव्हा दिसला आणि एचजीटी कोणाच्या सांगण्यावरून झाली, याचा आहे. म्हणून वर्णन शेवटी कापायचं. आधी विश्लेषण लिहून बघावं आणि मग मागे येऊन वर्णनातलं जादा काढून टाकावं. छापील क्रमानं लिहित जाण्यापेक्षा हा उलटा क्रम हाताला लवकर बसतो.

वर्णनात आणखी एक चोरवाट असते. ‘रुग्णानं चुकीची माहिती दिली’ हे वर्णन वाटतं, पण तो निकाल आहे. आजी “हो, झालं की” एवढंच म्हणाल्या, हे वर्णन. ‘निष्काळजीपणामुळे एचजीटी उशिरा झाली’ हाही निकालच. पहिल्या भागातून असे निकाल वेचून काढले की नेमक्या कोणत्या गोष्टींचं स्पष्टीकरण द्यायचं आहे, ते उघडं पडतं.

भावनांच्या भागाचा विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त कंटाळा असतो. पुरुष विद्यार्थ्यांना थोडा अधिक, असं शिकवणारे सांगतात; पण मुलींच्या वह्यांतही तिथे शक्यतो शोभेल असंच काहीतरी लिहिलेलं असतं. ‘वाईट वाटलं’ हे खोटं नसतं, फक्त ते कुणालाही वाटलं असतं. कच्च्या टिपणात मात्र दोन भावना आहेत ज्या फक्त या मुलीच्या आहेत. पहिली चीड: आजी खोटं का बोलल्या? दुसरी सुटका: सरांनी केसपेपर उघडला नाही, बरं झालं. दोन्ही न शोभणाऱ्या आहेत, आणि दोन्ही कुठेतरी बोट दाखवतात. चीड सांगते की चूक रुग्णाची होती असं तिनं क्षणभर ठरवूनच टाकलं होतं. सुटका सांगते की आपली नोंद चुकीची आहे हे तिला त्याच वेळी कळलं होतं आणि ती गप्प बसली होती. भावनांचा भाग लिहायचा तो मन मोकळं करण्यासाठी नव्हे, तर अशा खुणा सापडतात म्हणून. भावना कोणत्या क्षणी आली हे सोबत लिहिलं, तर ती खूण अधिक नेमकी होते.

आता विश्लेषण. विद्यार्थिनीच्या खर्ड्यात ‘संवाद नीट झाला नाही’ असं होतं. मार्गदर्शक प्राध्यापिकेनं समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलं: “आजींना विचारलंत?” नव्हतं विचारलं. ती दुपारी पुन्हा खाटेजवळ गेली, यावेळी हातात कागद न घेता. आजींनी सांगितलं ते असं. अंघोळ आणि देवाला हात जोडल्याशिवाय त्या काही खात नाहीत, चहाचं चालतं. पायाला पट्टी असल्यानं अंग पुसून देण्यासाठी सुनेची वाट बघायची होती. त्यात एकादशी, म्हणजे वॉर्डाचे पोहे चालणार नाहीत, खिचडी घरून येणार. आदल्या दिवशी जेवण वेळेवर न घेतल्याबद्दल एका डॉक्टरांनी चारचौघांत झापलं होतं. म्हणून कुणी विचारलं की हो म्हणायचं. “आणि पोरी, तू विचारलंस तेव्हा चहा झालाच होता की.”

या दहा मिनिटांनी विश्लेषणाचा चेहरा बदलला. खोटेपणा उरला नाही. उरला एक प्रश्न, ज्याचं उत्तर ‘हो’ देणं रुग्णाला सगळ्यात सोपं होतं. वॉर्डात सकाळी अशा प्रश्नांची माळ लागते. झोप लागली का, लघवी झाली का, नाश्ता झाला का. तीस खाटा उरकायच्या असतात आणि ‘हो’ ऐकायचंच असतं.

पण इथे थांबणं म्हणजे पुन्हा ‘संवादा’वरच येऊन थांबणं. अनुभवी शिक्षक इथे विद्यार्थ्याला एक विचारतात: या सगळ्यात असा क्षण कोणता, जिथे तू वेगळं वागली असतीस तर पुढचं वेगळं झालं असतं, आणि वेगळं वागणं तुला खरंच शक्य होतं? पहिला उमेदवार आठ दहाचा प्रश्न. पण विद्यार्थिनीनं नीट आठवून पाहिलं तेव्हा तिला दुसरा क्षण अधिक टोचला. साडेनऊला घाम तिला दिसला होता. अडखळणं दिसलं होतं, हात चुकणं दिसलं होतं. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णात या तिन्ही गोष्टी एकत्र म्हणजे साखर उतरणं, हे तिला लेखी परीक्षेत विचारलं असतं तर डोळे मिटून सांगता आलं असतं. मग तिथे का सुचलं नाही? कारण ‘नाश्ता घेतला’ हे तिनंच लिहिलेलं होतं. रेग्युलर इन्सुलिन अर्ध्या तासात काम सुरू करतं आणि दोन ते चार तासांत त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. साडेनऊ म्हणजे तो जोर चढत असतानाची वेळ. हे गणित तिनं केलं नाही, कारण रुग्ण जेवलेला आहे या गृहीतावर तिनं हे दार आधीच बंद केलं होतं. स्वतःच्या नोंदीवरच तिनं पुरावा म्हणून विश्वास ठेवला. निदानातल्या चुकांचा अभ्यास करणारे याला अवेळी निष्कर्ष बंद करणं म्हणतात. नवशिक्यांइतकीच ती मुरलेल्या डॉक्टरांकडूनही होते.

विश्लेषणाचा तोल दोन बाजूंना जाऊ शकतो. काही विद्यार्थी सगळं स्वतःवर घेतात. ते नम्र दिसतं, गुणही मिळतात, पण खरं नसतं. इथे इन्सुलिन देताना ताट समोर आहे की नाही, ते बघितलं गेलं नव्हतं. संसर्ग आटोक्यात येऊ लागला की इन्सुलिनची गरज कमी होते, तेही हिशेबात धरायचं होतं. इन्सुलिनच्या तक्त्यावर साखरेला रकाना होता, खाण्याला नव्हता. आषाढीला निम्मा वॉर्ड उपाशी असणार हे शहरातल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि डाएटच्या यादीवर त्याची खूण नव्हती. दुसऱ्या टोकाला काही जण सगळं व्यवस्थेवर ढकलतात: मनुष्यबळ कमी, रुग्ण जास्त. तेही खरंच असतं, पण त्यातून तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला करण्यासारखं काही निघत नाही. नोंदीत दोन्ही यावं. भर मात्र ज्यावर आपला हात चालतो त्यावर असावा.

अखेर लॉगबुकात गेलेली नोंद अशी झाली:

“इन्सुलिनवर असलेल्या एका ज्येष्ठ स्त्री रुग्णाला सकाळी जेवणाआधीचं इन्सुलिन मिळालं. सुमारे पंचवीस मिनिटांनी मी ‘नाश्ता झाला का?’ विचारलं, त्या ‘हो, झालं की’ म्हणाल्या आणि मी ‘नाश्ता घेतला’ अशी नोंद केली. तासाभरानं राउंडमध्ये मला त्यांचा घाम, अडखळतं बोलणं आणि हाताची चूक दिसली. मी काही बोलले नाही. निवासी डॉक्टरांनी तपासायला सांगितल्यावर साखर ४६ निघाली. उपचारानं ती लगेच वाढली. उपवासामुळे त्यांनी फक्त बिनसाखरेचा चहा घेतला होता.

आकडा ऐकल्यावर पहिल्यांदा मला रुग्णाचा राग आला. मग भीती वाटली. कुणी माझी नोंद पाहिली नाही तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, आणि थोड्या वेळानं त्या सुटकेचीच लाज वाटली. दुपारी मी निवासी डॉक्टरांना नोंदीबद्दल सांगितलं, जुनी ओळ वाचता येईल अशी एका रेषेनं छेदली आणि वेळ घालून दुरुस्ती लिहिली.

रुग्णाशी पुन्हा बोलल्यावर कळलं की माझ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणं त्यांना सोपं होतं, कारण ‘नाही’ म्हटल्यावर आदल्या दिवशी बोलणी खावी लागली होती. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते नंतरचं. लक्षणं दिसत असूनही मी साखर उतरल्याचा विचार केला नाही, कारण माझ्याच नोंदीनं तो विचार आधी बाद केला होता. तपासून न पाहिलेली गोष्ट मी माहिती म्हणून लिहिली आणि नंतर तिच्यावरच विसंबले. इन्सुलिनच्या तक्त्यात खाण्याचा रकाना नाही आणि उपवासाची चौकशी दाखल करताना होत नाही, हेही कारण आहे. ते मी युनिटमध्ये सांगू शकते, बदलू शकत नाही.

पुढचे दोन आठवडे मी इन्सुलिनवरच्या प्रत्येक रुग्णाला ‘सकाळपासून काय काय खाल्लं-प्यायलात, किती वाजता?’ असं विचारेन आणि पदार्थ व वेळ लिहीन. स्वतः पाहिलं नसेल तर ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार’ असं लिहीन. घाम, गोंधळ किंवा थरथर दिसली तर आधी सिस्टरना सांगून साखर बघायला लावेन. बोटाच्या रक्तावरची तपासणी सिस्टरच्या देखरेखीखाली स्वतः पाच वेळा करून सही घेईन. साखर उतरल्यावरच्या उपचारांचं वाचन या गुरुवारपर्यंत करून निवासी डॉक्टरांना तोंडी सांगेन. दोन आठवड्यांनी माझ्याच नोंदी काढून पदार्थ आणि वेळ किती ठिकाणी लिहिलंय ते मोजेन.”

या नोंदीतल्या शेवटच्या परिच्छेदाकडे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. ‘काळजी घेईन’ असं त्यात कुठेच नाही. काळजी घेतली की नाही हे दोन आठवड्यांनी कुणालाच सांगता येत नाही. पदार्थ आणि वेळ लिहिली की नाही हे केसपेपर उघडून सांगता येतं. आराखडा छोटा आहे आणि त्याला मुदत आहे. प्रत्येक गोष्ट त्या मुलीच्या अधिकारात बसते: इन्सुलिनचा डोस बदलेन असं तिनं लिहिलेलं नाही, तो तिचा अधिकार नाही. आणि आराखड्यातल्या प्रत्येक ओळीचं मूळ विश्लेषणात सापडतं. हे मूळ शोधणं ही नोंद तपासण्याची सगळ्यात जलद रीत. आराखड्यात एखादी गोष्ट असेल आणि विश्लेषणात तिचा मागमूस नसेल, तर ती पाठ केलेली आहे. उलट विश्लेषणात मोठं कारण सापडलं आणि आराखड्यात त्याचं काहीच झालं नाही, तर विद्यार्थी मध्येच दमला.

नोंदीत काय नाही, तेही पाहायला हवं. खाटेचा क्रमांक नाही, गाव नाही, तारीख नाही, आषाढीचा उल्लेखही काढून ‘उपवास’ एवढंच ठेवलं आहे, कारण वॉर्ड आणि आषाढी एवढ्या दोन खुणांवरून रुग्ण ओळखता आला असता. झापणाऱ्या डॉक्टरांचा उल्लेखही अंगुलीनिर्देश होणार नाही असाच आहे. लॉगबुक वसतिगृहात, लायब्ररीत, मित्राच्या बॅगेत फिरतं. चिंतनाची नोंद ही रुग्णाची कागदपत्रं नव्हे आणि घडलेल्या चुकीचा अधिकृत अहवालही नव्हे. चूक झाली असेल तर ती आधी निवासी डॉक्टरांना सांगायची, केसपेपर दुरुस्त करायचा, वही त्यानंतर. ज्यांनी हा क्रम उलटवला त्यांची वही कितीही सुंदर असली तरी रुग्णाच्या काही कामाची नाही.

गोपनीयतेचा हा प्रश्न किती टोकाला जाऊ शकतो, हे ब्रिटननं पाहिलं. लेस्टर शहरातल्या रुग्णालयात २०११ मध्ये एका लहान मुलाचा मृत्यू झाला. २०१५ मध्ये त्या प्रकरणी प्रशिक्षण घेणारी एक डॉक्टर दोषी ठरली आणि २०१८ च्या जानेवारीत तिचं नाव वैद्यक नोंदवहीतून काढण्यात आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अपील न्यायालयानं हा निर्णय फिरवला. मधल्या काळात तिनं प्रामाणिकपणे लिहिलेल्या चिंतनाच्या नोंदीच तिच्याविरुद्ध वापरल्या गेल्या, अशी बातमी तरुण डॉक्टरांत पसरली. तिची बाजू सांभाळणाऱ्या संस्थेनं फौजदारी खटल्यात त्या नोंदी पुरावा म्हणून वापरल्या गेल्या नाहीत असं स्पष्ट केलं, पण तोवर अनेकांची लेखणी आखडली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलनं इतर संस्थांसह मार्गदर्शन काढलं: नोंदीत रुग्णाची ओळख नको, घटनेचा सविस्तर वृत्तांत नको, भर शिकण्यावर हवा. डॉक्टरविरुद्धच्या चौकशीसाठी कौन्सिल या नोंदी मागणार नाही, हेही सांगितलं. न्यायालय मात्र त्या मागू शकतं. घटनेचा तपशील थोडा आणि विचार जास्त हा नियम त्यामुळे लेखनशैलीपुरता राहिला नाही.

अशा लेखनाला मर्यादा आहेत. चिंतन लिहिणारे विद्यार्थी स्वतःबद्दल अधिक बारकाईनं विचार करू लागतात असं अनेक अभ्यासांत दिसतं. त्यामुळे रुग्णांना थेट फायदा होतो असं दाखवणारा पुरावा मात्र तुटपुंजा आहे. गुण द्यायचे ठरले की विद्यार्थी गुण मिळतील अशा भावना लिहायला शिकतात. वर्षाला दोन-तीन नोंदी मागून त्या नीट वाचणं हे दर आठवड्याला एक मागून नुसती सही करण्यापेक्षा बरं, असं म्हणणारे शिक्षक आहेत, आणि त्यांचं बरोबर वाटतं. वाचणं म्हणजे तरी काय? ‘छान’ लिहिलं की विद्यार्थी तिथेच थांबतो. “आजींना विचारलंत?” या दोन शब्दांनी त्याला परत खाटेकडे पाठवलं.

दोन आठवड्यांनी विद्यार्थिनीनं आपल्या नोंदी खरंच काढून पाहिल्या. पहिल्या आठवड्यात पदार्थ आणि वेळ जवळजवळ सगळीकडे होती. दुसऱ्या आठवड्यात रात्रपाळीनंतरच्या सकाळच्या नोंदींत पुन्हा नुसतं ‘नाश्ता घेतला’ आलं होतं. तिनं त्या तारखांवर पेन्सिलीनं गोल केले, आणि पुढच्या नोंदीसाठी वहीच्या कोपऱ्यात टिपण केलं: झोप कमी झालेल्या दिवशी मी कोणते प्रश्न गाळते?